विश्लेषण : बाळाचा खोकला ‘भुंकतो’ तेव्हा ऐकायचे काय आणि मोजायचे काय?

बाळ आजारी पडले की घरातले सगळे त्याच्या खोकल्याकडे कान लावून बसतात. खोकला कोरडा आहे की ओला, किती वेळा आला, छातीत घरघर आहे का, यावर चर्चा होते. मात्र दोन वर्षांखालच्या मुलाला रात्री रुग्णालयात न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय खोकल्याच्या आवाजावरून घेतला तर तो अनेकदा चुकतो. भयानक वाटणारा भुंकल्यासारखा खोकला बहुतेक वेळा एका औषधाच्या एका मात्रेने उतरतो. जवळजवळ खोकलतच नसलेले, गप्प पडून भरभर श्वास घेणारे बाळ मात्र खऱ्या संकटात असू शकते.

मालवणच्या किनाऱ्यावर या चुकीची किंमत जास्त आहे. देवबागसारख्या गावाला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि बाहेर पडायला तारकर्लीमार्गे एकच रस्ता. मालवणचे ग्रामीण रुग्णालय गाठल्यावरही ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणखी सुमारे तीस किलोमीटरवर राहते. प्रकृती फारच बिघडली तर गोव्यातील बांबोळीचा रस्ता शंभर किलोमीटरहून लांब. म्हणून ‘कधी निघायचे’ याचे उत्तर इथे शहरापेक्षा लवकर मिळायला हवे. ते घरातल्या घड्याळावर मिळू शकते.

क्रूप आणि ब्रॉन्किओलायटिसमध्ये फरक काय?

दोन्ही आजार विषाणूमुळे होतात आणि दोन्हींची सुरुवात साध्या पडशाने होते. फरक आहे तो श्वासाची वाट कुठे अरुंद होते याचा.

क्रूपमध्ये सूज येते ती वर, स्वरयंत्राच्या अगदी खाली. हा आजार मुख्यतः सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना होतो आणि त्यामागे बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असतो. एक-दोन दिवस नाक वाहते. मग रात्री मूल दचकून उठते, आवाज बसलेला असतो आणि खोकला कुत्रा किंवा समुद्रातला सील भुंकावा तसा येतो. श्वास आत घेताना ‘हीऽऽ’ असा कर्कश आवाज येतो. वैद्यकीय भाषेत त्याला स्ट्रायडर म्हणतात.

ब्रॉन्किओलायटिसमध्ये सूज आणि चिकट स्राव साचतो तो खूप खाली, फुप्फुसातल्या केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये. हा दोन वर्षांखालच्या, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचा आजार. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही, हे त्याचे प्रमुख कारण. इथे त्रास मुख्यतः श्वास बाहेर टाकताना होतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. त्यामुळे छाती फुगलेली राहते, शिट्टीसारखी घरघर येते आणि बाळ लहान लहान, भरभर श्वास घेऊ लागते. भुंकणारा खोकला यात नसतो.

थोडक्यात, क्रूप कानाला कळतो. ब्रॉन्किओलायटिस डोळ्यांनी पाहावा लागतो.

एवढ्याशा सुजेने एवढा त्रास का होतो?

याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. प्रौढाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे १५ मिलिमीटर धरला आणि आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तर वाट १३ मिलिमीटरची उरते. तीन चतुर्थांश जागा मोकळीच राहते. मोठ्या माणसाचा फक्त आवाज बसतो.

तान्ह्या बाळाची वाट सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम ४ मिलिमीटर असते. तेवढ्याच १ मिलिमीटर सुजेने ती २ मिलिमीटर उरते. व्यास निम्मा झाला, म्हणजे जागा एक चतुर्थांश झाली. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध तर सोळा पटींनी वाढतो. मूल रडू लागले की हवा जोरात ओढली जाते, प्रवाह खवळतो आणि विरोध त्याहूनही वाढतो.

क्रूपच्या उपचारातली पहिली पायरी यातूनच येते. मुलाला रडू द्यायचे नाही. आईच्या मांडीवर, त्याला आवडेल त्या स्थितीत उभे धरायचे. घसा पाहायला चमचा घालायचा नाही, पाठ थोपटून जबरदस्तीने खोकला काढायचा नाही. शांत मूल आणि रडणारे मूल यांच्या श्वासात जो फरक दिसतो, तो निदानातही उपयोगी पडतो. स्ट्रायडर फक्त रडताना किंवा धावताना येत असेल तर आजार सौम्य आहे. मूल शांत बसले किंवा झोपले असतानाही तो ऐकू येत असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात न्यायला हवे.

तिथे डॉक्टर वजनानुसार डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची एक मात्रा बहुधा तोंडानेच देतात. सूज उतरायला काही तास लागतात. तोवर श्वास जास्त अडत असेल तर ॲड्रेनालिनची वाफ यंत्राने देतात. तिचा परिणाम मिनिटांत दिसतो, पण सुमारे दोन तासांत ओसरतो. म्हणून ‘बरे वाटतेय, जाऊ घरी’ असे न करता त्यानंतर काही तास थांबवून घेतात. बहुतेक मुले दोन-तीन रात्रींत बरी होतात. दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट जाऊ शकते, हे मात्र आधीच माहीत असावे. स्टिरॉइडचे नाव कळले म्हणून ते दुकानातून आणून घरी देऊ नये. मात्रा आणि निदान दोन्ही डॉक्टरांनीच ठरवायचे.

श्वास कसा मोजायचा?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, चाळीस वर्षांपूर्वी गडचिरोलीत शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार सुरू केले तेव्हा अडचण अशी होती, की अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत किती मणी सरकले, त्यावरून श्वास जलद आहे का ते कळायचे. या प्रयोगाचा शोधनिबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तक्षेप केलेल्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या निम्म्याहून कमी होता. तो प्रयोग न्यूमोनियाचा होता, पण श्वास मोजण्याचे तंत्र इथेही तेच आहे.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगातले झबले वर करा. पोट आणि छाती एकदा वर आली की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळे एका लयीत श्वास घेत नाहीत. मध्येच थांबतात, मग घाई करतात. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. ताप असेल तर त्यानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर आणखी एकदा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार जलद श्वास म्हणजे—

- दोन महिन्यांखाली : मिनिटाला ६० किंवा अधिक
- दोन ते बारा महिने : ५० किंवा अधिक
- एक ते पाच वर्षे : ४० किंवा अधिक

या आकड्याला एक मर्यादा आहे आणि ती जीवघेणी ठरू शकते. दिवसभर ७० च्या वेगाने श्वास घेणारे बाळ थकते. थकल्यावर त्याचा वेग ४० वर येतो, रडणे थांबते, ते गुंगीत जाते. घरच्यांना वाटते, ‘आता शांत झोपलंय’. दूध न पिणारे, हाक मारल्यावर न पाहणारे, मलूल बाळ आणि कमी झालेला आकडा हे बरे होण्याचे लक्षण नाही. क्रूपमध्येही तसेच. कर्कश आवाज हळू झाला, पण छाती अजून आत ओढली जाते आहे आणि मूल सुस्त आहे, याचा अर्थ हवाच कमी जाते आहे. बरे झालेले मूल खेळते, पिते, आजूबाजूला पाहते.

एक उदाहरण : दिवस मोजणे का महत्त्वाचे?

समजा, देवबागमधले पाच महिन्यांचे बाळ आहे. सोमवारी नाक वाहू लागले. मंगळवारी खोकला आला, हलका ताप होता. बुधवारी संध्याकाळी झोपेत श्वास मोजला तर ५२. एरवी दहा मिनिटे अंगावर पिणारे बाळ तीन मिनिटांत सोडून देते आहे.

‘फक्त दोनच जास्त आहेत, उद्या बघू’ असे इथे वाटणे स्वाभाविक आहे. पण ब्रॉन्किओलायटिस साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखर गाठतो. बुधवार हा तिसरा दिवस, म्हणजे चढ अजून बाकी आहे. तिसऱ्या दिवशीचे ५२ आणि सातव्या दिवशी, नीट पिऊ लागलेल्या बाळाचे ५२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे या बाळाला बुधवारी संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवायला हवे.

समजा, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले आणि रात्री अकराला आकडा ६४ झाला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतो आहे, नाकपुड्या फुलत आहेत. दिवसभरात नेहमीच्या निम्मेही दूध गेले नाही आणि सहा-सात तास लंगोट कोरडा आहे. आता सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा; रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने आधी मालवणचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे. तिथे प्राणवायू सुरू करून मग गरजेनुसार ओरोसला पुढे जायचे. प्राणवायूशिवाय थेट लांबचे रुग्णालय गाठण्याच्या नादात जवळचा थांबा टाळणे धोक्याचे.

दूध पिणे इथे श्वासाइतकेच महत्त्वाचे माप आहे. बाळ पिताना नाकाने श्वास घेते. धाप लागली की ओढणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही, म्हणून ते स्तन सोडते. नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध जात असेल तर शरीरातले पाणी कमी होतेच, शिवाय श्वासाचे कष्ट किती वाढले आहेत तेही त्यातून कळते.

रुग्णालयात या बाळाला काय मिळेल? नाक साफ करणे, रक्तातला प्राणवायू ९० टक्क्यांखाली असेल तर नाकातल्या नळीने प्राणवायू, पिता येत नसेल तर नाकातून पोटात नळी टाकून दूध किंवा सलाइन. बहुतेक बाळांसाठी मुख्य उपचार एवढाच. आजार विषाणूचा असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. क्रूपमध्ये जादू करणारे स्टिरॉइड इथे चालत नाही, दम्याच्या वाफेचाही नेहमीच्या उपचारात फायदा दिसलेला नाही. ‘काहीच औषध दिले नाही’ अशी तक्रार करण्याआधी हे समजून घ्यावे. आधार देत शिखर ओलांडणे हाच उपचार आहे. बाळ आठवडाभरात सावरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

कोणती लक्षणे दिसताच निघायचे?

खालीलपैकी एकही दिसले तर मोजत बसू नये.

- ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी होणे
- श्वास मध्येच काही सेकंद थांबणे
- प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा किंवा गळ्याखालचा भाग खोल आत जाणे, कण्हल्यासारखा आवाज, डोके हलणे
- शांत असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज
- पिणे बंद, मलूलपणा, उठवूनही नीट न उठणे
- लाळ गळणे, गिळता न येणे, पुढे झुकून बसणे आणि खूप ताप. हा क्रूप नसून स्वरयंत्रावरच्या झाकणाची धोकादायक सूज असू शकते. पेंटाव्हॅलंट लशीतला हिब हा घटक याच्या मुख्य कारणापासून संरक्षण देतो
- पडसे नसताना, खाता-खेळता अचानक खोकला आणि घुसमट. शेंगदाणा, चिंचोका, काजूचा तुकडा अडकलेला असू शकतो

दोन महिन्यांखालचे, अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः हृदयविकार असलेले बाळ असेल तर यातले काही दिसण्याची वाट न पाहता, पडशात पिणे कमी होताच दाखवावे. अशा लहान बाळात ब्रॉन्किओलायटिसचे पहिले लक्षण कधी कधी श्वास थांबणे हेच असते.

घरचे उपाय : काय ठेवायचे, काय सोडायचे?

‘थंडी भरली, वाफ दे’ हा सल्ला प्रत्येक वाडीत मिळतो. क्रूपमध्ये दमट हवेचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. शिवाय मालवणची हवा मुळातच दमट. वाफेने तिच्यात काय भर पडणार? परदेशी व्हिडीओंत क्रूपच्या मुलाला बाहेरच्या थंड हवेत नेतात. त्याला जिनिव्हातल्या एका अभ्यासाचा आधार आहे, पण तिथली हवा दहा अंशांखालची होती. मालवणच्या रात्रीत ती मिळत नाही.

ओवा-वेखंडाची धुरी सुजलेल्या नळ्यांना आणखी चेतवते. कापराचा बाम तान्ह्याच्या नाकाशी लावू नये. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. एक वर्षाखाली मध नको. खोकल्याच्या सिरपचा तर प्रश्नच नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या मुलांचे विषारी सिरपने मृत्यू झाले, त्यातील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखाली अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असे सांगितले. सिरप शुद्ध असले तरी ते ना स्वरयंत्राखालची सूज उतरवते, ना बारीक नळ्या उघडते.

ठेवायचे ते थोडेच. पिण्याआधी नाकात सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळे करावे, थोडे थोडे आणि जास्त वेळा पाजावे, तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे. घरात विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर नको.

करोनाकाळातला बोटाचा ऑक्सिमीटर अनेक घरांत पडून आहे. तो मोठ्यांच्या बोटासाठी आहे. तान्ह्याच्या बोटावर तो नीट बसत नाही आणि ९८ दाखवून खोटा धीर देऊ शकतो. त्यापेक्षा मोबाइलचा कॅमेरा उपयोगी. उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडीओ घेतला, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळ शांत झाले तरी डॉक्टरांना घरी काय दिसले ते कळते. मात्र व्हिडीओ व्हॉट्सॲपवर पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये.

व्यवस्थेकडून काय हवे?

गडचिरोलीच्या अनुभवातून घडलेल्या नवजात बाळाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशाताईंच्या संचात घड्याळ आले. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांतही त्या घरी येतात. या भेटींत वजनाबरोबर आईच्या हातात मोबाइल देऊन श्वास एकदा मोजून घ्यायला लावला, तर आजारपणात पहिल्यांदाच मोजण्याची वेळ येणार नाही. निरोगी बाळाचा नेहमीचा आकडा माहीत असेल तर वाढलेला आकडा ओळखायला सोपे जाते.

दुसरी अपेक्षा बाह्यरुग्ण विभागाकडून आणि खासगी दवाखान्यांकडून आहे. खोकल्याच्या बाळाच्या चिठ्ठीवर चार औषधांची नावे असतात, पण मिनिटाला श्वास किती आणि आजाराचा कितवा दिवस, हे क्वचितच लिहिलेले असते. या दोन नोंदी आणि ‘इतके झाले तर रात्रीही या’ अशी एक ओळ लिहायला अर्धे मिनिट पुरते. घरी परतलेल्या आईबाबांना ती ओळ सिरपपेक्षा जास्त कामाची आहे.

तिसरी गोष्ट घरानेच आधी करून ठेवायची. रात्री प्राणवायू आणि बालरोगतज्ज्ञ जवळ कुठे मिळतात, गाडी कोणाची मिळेल, मालवणहून पुढे कसालमार्गे जायचे की कुडाळमार्गे, हे पडसे सुरू झाले त्याच दिवशी ठरवावे. तिसऱ्या रात्री फक्त निघायचे बाकी राहिले पाहिजे.

(हा लेख माहितीसाठी आहे. बाळाच्या उपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यावा.)